थांबेल की फिरतच राहील?

नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना १९४९ साली चार आकडी संख्यांची एक गंमत सापडली. कोणतीही चार आकडी संख्या घ्यायची, फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केले की ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा केले की ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे हलायला जागा नाही, कारण ७६४१ वजा १४६७ हेही ६१७४च. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठली जाते.

आता हे काम संगणकाकडे द्यायचे आणि त्याला थांबण्याची एकच अट सांगायची: वजाबाकी करूनही संख्या बदलली नाही, की थांब. चार आकडी संख्यांवर हा प्रोग्रॅम नेहमी थांबतो. तोच दोन आकडी संख्यांवर सोडला तर? २७ घेऊन पाहा. ७२ वजा २७ म्हणजे ४५. ५४ वजा ४५ म्हणजे ०९. ९० वजा ०९ म्हणजे ८१. ८१ वजा १८ म्हणजे ६३. ६३ वजा ३६ म्हणजे पुन्हा २७. संख्या दर वेळी बदलते, त्यामुळे थांबण्याची अट कधी पुरी होत नाही आणि प्रोग्रॅम त्याच पाच संख्यांत घिरट्या घालत राहतो. हे आपल्याला ओळखता आले, कारण २७ दुसऱ्यांदा दिसली. दोन आकड्यांत मांडता येणाऱ्या संख्या शंभरच आहेत, तेव्हा त्यांतली एखादी कधी ना कधी परत येणारच.

तिसरे उदाहरण जर्मन गणिती लोथर कोलाट्झ यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि १ आली की थांबा. २७ पासून निघाले की संख्या ८२, ४१, १२४ अशी वरखाली होत ९२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनंतर १ वर येते. इथे संख्येला वरची मर्यादा नाही, म्हणून ‘कधीतरी जुनी संख्या परत येईलच’ हा आधारही नाही. २ च्या ६८ व्या घातापर्यंतची प्रत्येक संख्या संगणकाने तपासून झाली आहे आणि सगळ्या १ वर पोचतात. पुढच्या सगळ्या संख्यांवर हा प्रोग्रॅम थांबतो का, हे मात्र आजवर कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

तीन प्रोग्रॅम, जेमतेम चार-चार ओळींचे, आणि तिन्हींच्या थांबण्याबद्दल वेगवेगळ्या वाटांनी विचार करावा लागला. साहजिकच मनात येते की दर वेळी नवी युक्ती शोधण्यापेक्षा एकच सर्वसाधारण तपासनीस लिहावा. त्याला कोणताही प्रोग्रॅम आणि त्याचा इनपुट द्यायचा. प्रोग्रॅम थांबणार असेल तर त्याने १ म्हणायचे, कायम चालणार असेल तर ० म्हणायचे. संगणकशास्त्रात याला हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतात, आणि त्याचे उत्तर असे आहे की हा तपासनीस लिहिता येत नाही. जलद संगणक आला किंवा अधिक हुशार प्रोग्रॅमर मिळाला, तरी येत नाही. थिअरी ऑफ कम्प्युटेशन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही सिद्धता भेटते, अर्ध्या पानात संपते आणि बहुतेकांना त्यात कुठेतरी हातचलाखी झाल्यासारखी वाटते. ती हातचलाखी नाही, हे पाहायचे तर पायऱ्या सावकाश चढाव्या लागतात.

तपासनिसाकडून नेमके काय हवे

तपासनिसाला `H` म्हणू. त्याच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, उत्तर कधीही चुकता कामा नये. दोन, उत्तर प्रत्येक वेळी आलेच पाहिजे, कितीही उशिरा का होईना. दुसरी अट विद्यार्थी सहज विसरतात आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

कारण अर्धे काम तर अगदी सोपे आहे. दिलेला प्रोग्रॅम दिलेल्या इनपुटवर चालवून पाहायचा. तो थांबला की ‘१’ असे जाहीर करायचे. थांबणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमबाबत ही पद्धत बिनचूक उत्तर देते. अडचण न थांबणाऱ्यांची आहे. दहा लाख पायऱ्या झाल्या आणि प्रोग्रॅम अजून चालूच आहे, तर तो दहा लाख एकाव्या पायरीला थांबणार आहे की कधीच नाही? नुसते बघत बसून हे कळत नाही. ‘हो’ म्हणता येते, ‘नाही’ कधी म्हणायचे ते ठरत नाही. `H` कडून हे ‘नाही’ ठामपणे हवे आहे.

सगळे प्रोग्रॅम एका यादीत

पुढची पायरी म्हणजे जगातले सगळे प्रोग्रॅम एका रांगेत उभे करणे. हे वाटते त्यापेक्षा सोपे आहे. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी अक्षरांची एक मर्यादित लांबीची फाइल. संगणक ती फाइल ० आणि १ यांच्या माळेत साठवतो, आणि ती माळ एक मोठी पूर्ण संख्या म्हणून वाचता येते. म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा क्रमांक आहे. उलट दिशेने, एखाद्या संख्येची फाइल केली आणि ती व्याकरणात बसणारा प्रोग्रॅम निघाली नाही, तर तिला ‘काहीही न करता लगेच थांबणारा प्रोग्रॅम’ समजायचे. झाली यादी तयार: प्रोग्रॅम ०, प्रोग्रॅम १, प्रोग्रॅम २, आणि असेच पुढे. यादी अनंत आहे, पण तिच्यातून एकही प्रोग्रॅम सुटलेला नाही. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडणार आहे.

इनपुटही संख्याच धरू. मग प्रोग्रॅम ७ ला इनपुट म्हणून ७ देता येतो, म्हणजे स्वतःचाच मजकूर देता येतो. यात विचित्र काही नाही. अक्षरे मोजणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचीच फाइल दिली तर तो तिचीही अक्षरे मोजतो. सी भाषेचे कित्येक कम्पायलर सी भाषेतच लिहिलेले असतात आणि ते स्वतःला कम्पाइल करतात.

आता एक तक्ता आखायचा. डावीकडे प्रोग्रॅमांचे क्रमांक, वर इनपुट. तो प्रोग्रॅम त्या इनपुटवर थांबत असेल तर चौकटीत १, कायम चालत असेल तर ०. समजण्यासाठी सुरुवातीचा कोपरा असा आहे असे धरू:

```
इनपुट →        ०   १   २   ३   ४
प्रोग्रॅम ०     १   १   ०   १   १
प्रोग्रॅम १     ०   ०   ०   ०   ०
प्रोग्रॅम २     १   ०   १   ०   १
प्रोग्रॅम ३     १   १   १   १   १
प्रोग्रॅम ४     ०   १   ०   ०   ०
```

इथला प्रोग्रॅम १ कशावरच थांबत नाही, प्रोग्रॅम ३ नेहमी थांबतो, प्रोग्रॅम २ सम इनपुटवर थांबतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरके खाली उतरा. कर्णावरचे आकडे आहेत १, ०, १, १, ०. प्रत्येक आकडा सांगतो की तो प्रोग्रॅम स्वतःच्याच क्रमांकावर थांबतो की नाही. आता हे आकडे उलटे करा: ०, १, ०, ०, १. ही उलटी ओळ तक्त्यातल्या कोणत्याही ओळीशी जुळू शकत नाही. प्रोग्रॅम ० च्या ओळीपेक्षा ती पहिल्याच घरात वेगळी आहे, प्रोग्रॅम १ च्या ओळीपेक्षा दुसऱ्या घरात, प्रोग्रॅम २ च्या ओळीपेक्षा तिसऱ्या घरात. तक्ता कितीही लांब वाढवला तरी प्रत्येक ओळीशी कर्णावरच्या घरात फारकत ठरलेलीच आहे.

ही युक्ती गेऑर्ग कँटर यांची, १८९१ सालची. त्यांनी ती अनंत मालिकांवर वापरली आणि दाखवले की ० व १ यांच्या सगळ्या अनंत मालिकांची १, २, ३ अशी क्रमवार यादी करता येत नाही. कोणीही यादी आणली तरी उलटा कर्ण तिच्या बाहेर राहतो.

उलट्या ओळीचा प्रोग्रॅम

इथपर्यंत `H` चा काही संबंध आलेला नाही. तक्ता आहे, कर्ण आहे, उलटी ओळ आहे, आणि ती ओळ कुठल्याही प्रोग्रॅमची नाही. आता समजा, `H` खरोखर आपल्या हातात आहे. मग तक्त्यातली कोणतीही चौकट आपल्याला भरता येते, कारण `H(p, n)` म्हणजे प्रोग्रॅम `p` च्या ओळीतले `n` व्या इनपुटचे घर. तसे असेल तर उलट्या ओळीप्रमाणे वागणारा प्रोग्रॅम लिहायला पाच ओळी पुरतात:

```python
def D(n):
    if H(n, n) == 1:
        while True:
            pass
    return 0
```

`D` ला `n` दिला की तो `H` ला विचारतो, ‘प्रोग्रॅम n स्वतःच्या क्रमांकावर थांबतो का?’ उत्तर १ आले तर `D` मुद्दाम कायमचा फिरत बसतो. उत्तर ० आले तर लगेच थांबतो. म्हणजे `D` ची ओळ हुबेहूब उलटा कर्ण आहे.

पण `D` हाही एक प्रोग्रॅमच. यादीतून एकही प्रोग्रॅम सुटलेला नाही, तेव्हा `D` लाही क्रमांक आहे. तो `d` म्हणू. आता `d` क्रमांकाच्या ओळीत `d` इनपुटचे घर पाहायचे, म्हणजे `D(d)` थांबतो का ते विचारायचे. दोनच शक्यता आहेत.

समजा `D(d)` थांबतो. मग `H(d, d)` ने १ म्हटले असणार, कारण `H` चुकत नाही. पण १ मिळाल्यावर `D` कायम फिरतो. म्हणजे तो थांबत नाही.

समजा `D(d)` थांबत नाही. मग `H(d, d)` ने ० म्हटले असणार. पण ० मिळाल्यावर `D` लगेच थांबतो. म्हणजे तो थांबतो.

दोन्ही वाटा बंद. `D` च्या बाकीच्या ओळींत संशयाला जागा नाही, कारण `if`, `while` आणि `return` तर रोज वापरले जातात. संशयित एकच उरतो, `H`. तो असू शकत नाही.

सिद्धतेचे हे छोटे रूप ब्रिटिश संगणकतज्ज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६५ साली ‘कम्प्युटर जर्नल’ला लिहिलेल्या एका पत्रात छापले. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या परिषदेला जाताना १९५३ साली आगगाडीच्या डब्यात अ‍ॅलन ट्युरिंग यांनी ते आपल्याला तोंडी सांगितले, अशी आठवण त्यांनी त्या पत्रात नोंदवली आहे.

खरा तपासनीस घेऊन पाहू

‘समजा H आहे’ या शब्दांनी सुरू होणारी सिद्धता विद्यार्थ्यांना हवेतली वाटते. म्हणून कोणीतरी खरोखर लिहिलेला तपासनीस समोर ठेवू आणि त्याचे काय होते ते पाहू. समजा, त्या प्रोग्रॅमरने असा नियम केला: दिलेला प्रोग्रॅम दहा लाख पायऱ्यांपर्यंत चालवून पाहायचा, तेवढ्यात थांबला तर १, नाहीतर ०. हा तपासनीस उत्तर नेहमी देतो. तो कुठे चुकतो?

त्याच्यावरून वरच्याप्रमाणेच `D` लिहा आणि `D(d)` चालवा. `D` सगळ्यात आधी `H(d, d)` ला हाक मारतो. `H` आपल्या पोटात `D(d)` ची नक्कल चालवू लागतो. त्या नकलेतला `D` सुद्धा आधी `H` लाच हाक मारतो, आणि नकलेतल्या त्या `H` ला स्वतःच्या दहा लाख पायऱ्या मोजायच्या असतात. हे काम बाहेरच्या दहा लाख पायऱ्यांत बसत नाही. त्यामुळे बाहेरचा `H` मुदत संपल्यावर ‘०, हा थांबत नाही’ असे सांगतो. ते उत्तर ऐकल्याबरोबर खरा `D` थांबतो. `H` चे उत्तर चुकले, आणि ते कोणत्या इनपुटवर चुकले तेही हातात आले: `(d, d)`. मुदत दहा लाखांवरून दहा अब्ज केली तर `D` चा मजकूर बदलतो, `d` बदलतो, पण शेवट तोच होतो.

दुसरा प्रोग्रॅमर म्हणेल, मुदतच नको, प्रोग्रॅम थांबेपर्यंत चालवू. त्याच्या `H` वरून `D` बनवला तर नकलेत नक्कल, तिच्यात आणखी एक नक्कल अशी उतरंड सुरू होते आणि `H(d, d)` कडून उत्तरच येत नाही. हा तपासनीस चुकीचे बोलत नाही, पण दुसरी अट मोडतो.

सिद्धतेतला विरोधाभास म्हणजे हेच. कोणीही तपासनीस आणून द्यावा, त्याच्याच मजकुरातून असा एक प्रोग्रॅम बनवता येतो की त्याच्यावर तो तपासनीस एकतर चुकतो किंवा गप्प राहतो. त्यासाठी तपासनीस आतून कसा चालतो हे माहीत असण्याचीही गरज पडत नाही.

त्याच कर्णावरून दोन निष्कर्ष

चांगल्या विद्यार्थ्याला इथे एक शंका येते आणि ती यायलाच हवी. कँटर यांनी म्हटले, उलटा कर्ण यादीत नाही, म्हणून यादी अपुरी आहे. मग इथेही तसेच का म्हणू नये? `D` यादीत नाही, म्हणून प्रोग्रॅमांची यादी अपुरी आहे, एवढ्यावर का थांबू नये? `H` वर खापर का फोडायचे?

कर्णाचा युक्तिवाद दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतो: ही उलटी ओळ या तक्त्यात नाही. दोष कोणाचा, हे तो सांगत नाही. ते आपण गृहीत धरलेल्या गोष्टींकडे पाहून ठरवायचे असते. कँटर यांच्याकडे ० आणि १ यांची कोणतीही मालिका चालत होती, तेव्हा उलटा कर्ण ही नक्कीच एक मालिका होती. डळमळीत होते ते एकच गृहीतक, यादी पूर्ण असल्याचे. ते पडले. इथे यादी पूर्ण असण्याबद्दल शंका नाही, कारण प्रत्येक फाइल म्हणजे एक संख्या. डळमळीत आहे ते दुसरेच गृहीतक, उलटी ओळ काढणारा प्रोग्रॅम लिहिता येतो हे. ते `H` वर उभे होते. म्हणून इथे `H` पडतो. उलटी ओळ अस्तित्वात आहे, प्रत्येक घरात तिचा आकडा ठरलेला आहे, फक्त तो काढून देणारा प्रोग्रॅम नाही.

ट्युरिंग यांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली होती. १९३५ साली केंब्रिजमध्ये मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांना डेव्हिड हिल्बर्ट यांचा प्रश्न कळला. गणितातले कोणतेही विधान दिले तर ते तर्कशास्त्राच्या नियमांतून सिद्ध होते की नाही, हे ठरवणारी यांत्रिक पद्धत आहे का, असा तो प्रश्न होता. ट्युरिंग तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९३६ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे दिलेल्या निबंधात त्यांनी आधी ‘यांत्रिक पद्धत’ म्हणजे काय ते एका कागदी यंत्राने पक्के केले आणि मग कर्णाकडे वळले. कर्ण वापरून यंत्राने काढता येणाऱ्या मालिकांचीही यादी करता येत नाही असे कोणी म्हणेल, पण ते चूक आहे, कारण कर्णाची ओळ यंत्राने काढता येते हे त्यात गुपचूप धरले आहे, असे त्यांनी तिथेच स्पष्ट केले.

उलटापालट करणारी सिद्धता बरोबर असली तरी वाचकाच्या मनात ‘काहीतरी चुकतेय’ असा सल ठेवते, हेही त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी दुसरी वाट घेतली. तिच्यात आकडे उलटे करायचेच नाहीत, सरळ कर्ण छापायचा. त्यांची आदर्श यंत्रे थांबत नसत, ती एकामागून एक अंक छापत राहत. अंक छापता छापता अडकून पडणारे यंत्र वाईट, अखंड छापणारे चांगले. समजा, कोणते यंत्र चांगले ते सांगणारा तपासनीस आहे. मग एक नवे यंत्र बनवता येते. ते १, २, ३ असे सगळे क्रमांक क्रमाने घेते, तपासनिसाला विचारते, आणि चांगल्या यंत्रांपैकी पहिल्याचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा अंक असे छापत जाते. तपासनीस कधी अडकत नाही, म्हणून हे नवे यंत्रही चांगलेच असायला हवे. मग केव्हातरी त्याच्यासमोर त्याचाच क्रमांक येणार. समजा चांगल्या यंत्रांत त्याचा नंबर पन्नासावा लागतो. आता त्याला स्वतःचा पन्नासावा अंक छापायचा आहे. तो कळण्यासाठी ते स्वतःचेच काम पहिल्यापासून करून पाहते, एकोणपन्नास अंक बिनबोभाट येतात, आणि पन्नासाव्याशी येऊन त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पन्नासावा अंक कधीच छापला जात नाही. चांगले म्हणून दाखला मिळालेले यंत्र अडकले, म्हणजे दाखला देणारा तपासनीसच खोटा.

नकलेत नक्कल चालवणाऱ्या वरच्या प्रोग्रॅमरचे जे झाले, तेच हे. हॉल्टिंग प्रॉब्लेमचे आजचे ‘थांबतो की नाही’ हे रूप पुढच्या पिढीतल्या स्टीफन क्लीनी, मार्टिन डेव्हिस अशा तर्कशास्त्रज्ञांच्या पुस्तकांतून १९५० च्या दशकात रुळले. हिल्बर्ट यांच्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर अमेरिकेत अलोंझो चर्च यांनी वेगळ्या मार्गाने त्याच वर्षी दिले होते, ट्युरिंग यांच्या थोडे आधी.

सिद्धता काय सांगत नाही

कोलाट्झचा प्रश्न सुटणारच नाही, असे या सिद्धतेतून निघत नाही. एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमबद्दल ती काही बोलतच नाही. सगळ्या प्रोग्रॅमांना पुरेल असा एक तपासनीस नाही, एवढेच ती सांगते. सुटे प्रोग्रॅम एकेक करून निकालात काढता येतात. हंगेरियन गणिती टिबोर राडो यांनी १९६२ साली विचारले होते की ठरावीक आकाराच्या ट्युरिंग यंत्रांपैकी कोऱ्या फितीवर सुरू होऊन शेवटी थांबणारे यंत्र जास्तीत जास्त किती पायऱ्या चालते. दोन चिन्हे वापरणाऱ्या पाच अवस्थांच्या यंत्रांसाठी हे उत्तर २०२४ साली सिद्ध झाले: ४,७१,७६,८७० पायऱ्या. त्यासाठी न थांबणाऱ्या यंत्रांचे न थांबणे गटागटाने, वेगवेगळ्या युक्त्यांनी सिद्ध करावे लागले. सहा अवस्थांच्या यंत्रांत मात्र कोलाट्झसारखा प्रश्न पोटात घेऊन बसलेले एक यंत्र आहे, आणि ते तिथे अडून बसले आहे.

खऱ्या संगणकाची मेमरी मर्यादित असते, म्हणून ही अडचण कागदावरचीच आहे, असाही आक्षेप घेतला जातो. तत्त्वतः तो बरोबर आहे. मेमरी मर्यादित असली की जुनी स्थिती कधीतरी परत येणारच, दोन आकडी वजाबाकीत २७ आली तशी. पण एक किलोबाइट मेमरीच्या संभाव्य स्थिती २ चा ८१९२ वा घात इतक्या आहेत आणि ती संख्या लिहायला २४६७ अंक लागतात. एवढ्या स्थितींमध्ये पुनरावृत्तीची वाट पाहत बसणे कोणत्याही यंत्राला झेपणारे नाही.

तिसरी गैरसमजूत अशी की हे फक्त थांबण्यापुरतेच आहे. समजा, ‘हा प्रोग्रॅम कधी तरी नमस्कार हा शब्द छापेल का?’ हे सांगणारा तपासनीस कोणाकडे आहे. मग ज्या प्रोग्रॅमचे थांबणे तपासायचे आहे, त्याचे सगळे छापणे बंद करा आणि त्याच्या शेवटी नमस्कार छापणारी एक ओळ जोडा. आता नमस्कार छापला जाईल तो मूळ प्रोग्रॅम थांबला तरच. म्हणजे नमस्काराचा तपासनीस हा थांबण्याचाही तपासनीस झाला, आणि तसा तर असू शकत नाही. अमेरिकन गणिती हेन्री गॉर्डन राइस यांनी १९५३ साली हीच वाट रुंद करून दाखवले की प्रोग्रॅम काय उत्तरे देतो यासंबंधीचा एकही गुणधर्म सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. अपवाद फक्त सगळ्यांत असणाऱ्या किंवा कोणातच नसणाऱ्या गुणधर्मांचा.

व्यवहारात यावर तोड एकच आहे: तपासनिसाला ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा द्यायची. लिनक्सच्या कर्नलमध्ये बाहेरचे छोटे प्रोग्रॅम घालण्याची ईबीपीएफ नावाची सोय आहे. तिथला प्रोग्रॅम कायम फिरत राहिला तर सगळी यंत्रणा अडकेल, म्हणून आत घेण्याआधी एक व्हेरिफायर त्याची तपासणी करतो. थांबण्याची खात्री पटली नाही, तर तो प्रोग्रॅम सरळ नाकारतो. पूर्वी त्यात लूप लिहायलाच परवानगी नव्हती. २०१९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून मर्यादा ठरवता येईल असे लूप चालतात. निर्दोष असूनही नाकारले जाणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वैताग देतात, पण चुकीचा ‘हो’ टाळण्याची ती किंमत आहे.

परीक्षेत ही सिद्धता लिहिताना तीन जागा सांभाळाव्यात. `H` प्रत्येक इनपुटवर उत्तर देतो हे गृहीतक सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे. `D` ला स्वतःचाच क्रमांक `d` दिला आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि `D(d)` थांबतो व थांबत नाही या दोन्ही शक्यता पूर्ण लिहून काढाव्यात. एकाच शक्यतेतला विरोधाभास दाखवून थांबलेली सिद्धता अर्धीच असते, आणि तपासणारा तिला अर्धेच गुण देईल.